गप्प बसलेल्या शेतकऱ्याला विमा हवा आहे असं धरावं का? पीक विम्याच्या चार पद्धती, शेजारी शेजारी ठेवून

नागपूर जिल्ह्यात पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्यानं खरिपाची मुदत संपायच्या सात दिवस आधी बँकेत लेखी नकार दिला नाही, तर त्याला पीक विमा हवा आहे असं धरलं जातं. हप्ता त्याच्या कर्जखात्यातून कापला जातो. त्याच्याच धुऱ्याला लागून शेत असलेल्या, पण कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्याचं नेमकं उलटं आहे. तो गप्प राहिला तर त्याला विमा नको आहे असं धरतात. जमीन सारखी, पाऊस सारखा, योजनाही एकच. दोघांच्या गप्प बसण्याचा अर्थ मात्र सरकारनं वेगवेगळा लावलेला आहे.

काहीच न केल्यास आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाला डिफॉल्ट म्हणतात. सार्वजनिक धोरणात लोकांना सक्ती न करता एका बाजूला वळवायचं असेल, तर याच्याइतकं परिणामकारक आणि स्वस्त साधन दुसरं नाही. म्हणूनच ते वापरावं का आणि कसं वापरावं, हा प्रश्न टाळता येत नाही. हा आढावा ज्यांना अशी एखादी पद्धत निवडायची आहे किंवा तिच्यावर मत द्यायचं आहे त्यांच्यासाठी लिहिला आहे: सेवा सोसायटीचे संचालक आणि गटसचिव, बँकेचे शाखाधिकारी, कृषी खात्यातली मंडळी, लोकप्रशासनाचे विद्यार्थी, आमसभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे, पीक विम्याचं, कारण गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रानं यातल्या जवळजवळ सगळ्या पद्धती वापरून पाहिल्या आहेत. (संत्र्याचा हवामानावर आधारित फळपीक विमा ही वेगळी योजना आहे, ती इथे धरलेली नाही.)

डिफॉल्ट चालतो कशामुळे

रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांनी २००८ मध्ये ‘नज’, म्हणजे सक्ती न करता हळूच एका बाजूला ढकलणं, ही कल्पना पुस्तकरूपानं मांडली. पुढे २०१७ मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निवड कुठल्या ना कुठल्या क्रमानं मांडावीच लागते, फॉर्मवर काहीतरी आधी येणारच, गप्प बसणाऱ्याचं काय करायचं हे कुणीतरी ठरवणारच. मग ते त्या माणसाच्या हिताचं असेल असं ठरवा, मात्र कुठलाही पर्याय बंद करू नका आणि बाहेर पडणं सोपं व स्वस्त ठेवा. यातल्या दुसऱ्या अटीवर सगळं अवलंबून आहे, आणि व्यवहारात सगळ्यात आधी मोडते तीही हीच.

डिफॉल्टचा परिणाम तीन कारणांनी होतो. एक म्हणजे बदल करायला खेप, वेळ आणि कागद लागतो, म्हणून माणूस आहे ते राहू देतो. दुसरं, सरकारनं किंवा बँकेनं जे आधीच धरलं आहे ते चांगलंच असेल, असा त्यातून सल्ला ऐकू येतो. तिसरं, जे आपल्याकडे आहे असं एकदा वाटलं ते सोडणं म्हणजे गमावणं वाटतं. या तिन्हींना एकाच मापानं मोजू नये. सल्ला ऐकून कुणी हप्ता भरला तर त्यानं विचार केला आहे, भले दुसऱ्याच्या भरवशावर का होईना. खेप परवडत नाही म्हणून हप्ता गेला असेल, तर तिथे विचाराचा संबंधच आला नाही. डिफॉल्टनं माणसाची फसवणूक होते की त्याच्या स्वायत्ततेचा मान राखला जातो, या वादाचं उत्तर मला इथे सापडतं. यातलं नेमकं कुठलं कारण काम करतं आहे, ते आधी बघायला हवं.

डिफॉल्टबरोबर बारकावेही आपोआप लागू होतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. ब्रिजिट माद्रियन आणि डेनिस शी यांनी २००१ मध्ये एका अमेरिकी कंपनीतल्या निवृत्ती बचतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण सारख्याच मुदतीची नोकरी झालेल्यांची तुलना केली, तर आधी स्वतःहून नाव नोंदवावं लागे तेव्हा ४९ टक्के लोक बचतीत होते. नाव आपोआप नोंदलं जाऊ लागल्यावर ते ८६ टक्क्यांवर गेले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: कंपनीनं आपोआप लावलेल्या ३ टक्के वर्गणीवर आणि त्याच ठरावीक फंडात बरेच लोक अडकून राहिले, ज्यांनी एरवी कदाचित जास्त वाचवलं असतं तेही. नाव आहे की नाही एवढंच डिफॉल्ट ठरवत नाही, किती पैसे आणि कुठे हेही तोच ठरवून टाकतो. पीक विम्यात याचा फटका कसा बसतो ते पुढे येईल.

पहिली पद्धत: सक्ती

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, आणि कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्के, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्यानं भरायचा. अधिसूचित पिकासाठी कर्ज घेतलेल्याला विमा बंधनकारक होता. ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती.

याला नज म्हणता येत नाही, हा सरळ आदेश होता. पण आदेशाचीही एक जमेची बाजू असते: तो लपत नाही. कुणी सक्ती केली, कुणाला जाब विचारायचा, हे शेतकऱ्याला माहीत असतं. विमा कंपनीच्या दृष्टीनंही सक्ती सोयीची, कारण फक्त जोखमीची शेतं तेवढी विम्यात आली आणि हप्ता वाढत गेला, असं होत नाही. तोटा मात्र उघड होता. ज्याला विमा निरुपयोगी आहे त्यालाही तो घ्यावा लागे, आणि पैसे कापले गेले तेच मुळी कित्येकांना माहीत नसे. माहीत नसलेल्या विम्याची नुकसानीची सूचना कोण देणार?

दुसरी पद्धत: गृहीत होकार

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं योजना सगळ्यांसाठी ऐच्छिक केली आणि त्या खरिपापासून ते लागू झालं. कर्जदाराला आता नकार देता येतो. खरिपाची नेहमीची मुदत ३१ जुलै, म्हणजे नकाराचं स्वयंघोषणापत्र २४ जुलैपर्यंत शाखेत द्यायचं. मुदतवाढ मिळाली की नकाराची तारीखही पुढे सरकते, पण ती बातमी गावात ‘विमा भरायची मुदत वाढली’ अशीच पोहोचते.

सक्तीच्या तुलनेत हे पाऊल मोठं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. पण बाहेर पडणं सोपं व स्वस्त ठेवण्याची मघाची अट लावून बघा. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डवरणी, निंदण, फवारणी एकदम अंगावर आलेली असते. शाखा तालुक्याच्या गावी. जाण्यायेण्यात दिवस जातो, मजुरी बुडते, आणि काउंटरवर साहेब नसले तर दुसरी खेप. शाखेतलं बोलणं साधारण असं चालतं:

“साहेब, मले इमा नाही पाहिजे यंदा.”

“अर्ज आणला का लिहून?”

“कोणता अर्ज जी?”

“नको असल्याचा. अन् काका, नुकसान झालं तर मग आमच्याकडे येऊ नका.”

साहेबांचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे आणि बहुतेक वेळा चांगल्या मनानंच म्हटलेलं असतं. पण ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याच्याच टेबलावर नकार द्यायचा म्हणजे माणूस मोकळेपणानं बोलत नाही. पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्याच टेबलावरून होणार असतं. विमा उतरवलेल्या कर्जदाराची परतफेडीची शक्यता वाढते, हप्त्याच्या कामाचं सेवाशुल्कही बँकेला मिळतं. गप्प बसण्याचा फायदा ज्याला होतो, नकार घेणाराही तोच आहे. वाईट हेतू कुणाचाच नसला तरी ही रचना तपासण्याजोगी आहे.

आणि सगळ्यात मोठी खोट तारखांच्या क्रमात आहे. नकार हप्ता कापण्याच्या आधी द्यायचा असतो. शेतकऱ्याला विषय कळतो तो हप्ता कापल्यानंतर, मोबाइलवर संदेश आल्यावर किंवा पासबुक भरून घेतल्यावर. हप्ता कापलेला दिसला, त्यानं विचार केला, नको ठरवलं, तोवर दार बंद झालेलं असतं. ज्या क्षणी माणूस खरोखर निवड करू शकतो, नेमकं त्याच्या अलीकडे नियमानं रेघ ओढली आहे.

तिसरी पद्धत: स्वतःहून होकार

बिगर-कर्जदारानं सातबारा, आधार, पासबुक, पेरणीची माहिती घेऊन सेवा केंद्रात जायचं, किंवा पोर्टलवर स्वतः अर्ज भरायचा. इथे मौनाचा अर्थ ‘नको’ असाच. स्वायत्ततेच्या बाजूनं बोलणाऱ्यांना ही पद्धत सगळ्यात शुद्ध वाटते, कारण जो आला तो ठरवून आला.

मला ती तितकी शुद्ध वाटत नाही. खेपेचा खर्च इथेही आहे, फक्त दुसऱ्या बाजूला. ज्याला विमा हवा होता पण सर्व्हर बंद, लाइट नाही, सातबाऱ्यात भावांची नावं, म्हणून राहून गेलं, त्याचंही मौन आपण ‘नको’ असं वाचतो. कुळानं किंवा ठोक्यानं शेत करणाऱ्याला तर कराराचा कागद जोडावा लागतो, आणि आपल्याकडे ठोक्याचे व्यवहार तोंडीच जास्त. तेव्हा डिफॉल्ट नाही म्हणून ढकलणं नाही, असं होत नाही. ‘विमा नाही’ हाही एक डिफॉल्टच आहे.

महाराष्ट्रानं यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयाची भर घातली. शेतकऱ्याचा हिस्सा राज्यानं उचलला, शेतकऱ्यानं फक्त १ रुपया द्यायचा. याला नज म्हणू नये, हा थेट किमतीतला बदल होता. अर्जांची संख्या एका हंगामात दीड कोटीच्या पुढे गेली. सेवा केंद्राला मात्र प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. अर्ज करणाऱ्याला एक रुपया खर्च आणि भरून देणाऱ्याला चाळीस रुपये मिळकत, या गणितातून लाखो बोगस अर्ज निघाले. शासकीय जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, न पेरलेल्या पिकावर. २०२५ मध्ये एक रुपयाची योजना बंद झाली, टक्केवारीचा हप्ता परत आला, आणि त्या खरिपात अर्ज मोठ्या प्रमाणात घटले. ‘लोकांनी इतक्या संख्येनं योजना निवडली’ असं कुणी सांगितलं, तर निवडीची किंमत किती होती आणि फॉर्म भरण्याचे पैसे कुणाला मिळत होते, हे आधी विचारावं. त्या दीड कोटींतून खरी इच्छा किती होती हे कळायला मार्ग नाही.

एक हिशोब, सविस्तर

काटोल तालुक्यातला दोन हेक्टरांचा एक शेतकरी धरू. आकडे हिशोबाच्या सोयीसाठी गोल घेतो. त्याच्या पीककर्जाच्या कागदावर कापूस आहे, कारण मागे कर्ज मंजूर झालं तेव्हा तो कापूस लावत होता. यंदा वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून त्यानं दोन्ही हेक्टरांत सोयाबीन पेरलं. कापसाची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये आणि सोयाबीनची ५०,००० धरू.

तो गप्प राहिला तर बँक कागदावरचं पीक धरते. कापसाचे ५ टक्के म्हणजे हेक्टरी ३,०००, दोन हेक्टरांचे ६,००० रुपये कर्जखात्यातून गेले. सोयाबीनचा विमा उतरवला असता तर २ टक्क्यांनी हेक्टरी १,०००, एकूण २,००० लागले असते. म्हणजे ४,००० रुपये जास्त गेले आणि शेतात जे पीक उभं आहे त्याला संरक्षण नाहीच. विमा अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतली नोंद जुळली नाही तर पाहणीतली नोंद ग्राह्य धरतात आणि दावा अडतो. पीक बदललं असेल तर मुदतीच्या दोन दिवस आधीपर्यंत बँकेला कळवता येतं. पण बँक आपल्या नावानं काही भरते आहे हेच ठाऊक नसेल, तर तो काय कळवणार? बँकेच्या चुकीमुळे भरपाई हुकली तर जबाबदारी बँकेची, असा नियम आहे. इथे बँक म्हणेल, आमच्या कागदावर जे होतं तेच आम्ही भरलं, आणि तिचं म्हणणं खोडून काढणं अवघड जाईल.

आता पीक बरोबर लागलं असं धरू आणि विमा घ्यायचा की नाही ते बघू. भरपाई शेतनिहाय ठरत नाही. सोयाबीनसाठी महसूल मंडळ हे एकक असतं. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांतून प्रत्यक्ष उत्पन्न काढतात आणि त्याची तुलना उंबरठा उत्पन्नाशी करतात. हे उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तरानं, म्हणजे ठरवून दिलेल्या टक्केवारीनं, गुणून काढतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे आणि यंदा मंडळाचं उत्पन्न ७ आलं. घट ३० टक्के, म्हणून ५०,००० चे ३० टक्के, हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांचे ३०,०००. दोन हजारांच्या हप्त्याला हे चांगलंच म्हणायचं.

पण समजा याचं शेत नाल्याकाठी आहे. पाणी साचून त्याचं पीक तीन क्विंटलवर आलं आणि मंडळाची सरासरी साडेदहा निघाली. तर भरपाई शून्य. पूर्वी स्थानिक आपत्तीत ७२ तासांत सूचना दिली तर शेतनिहाय पंचनामा होई. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपात केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली, आणि नाल्याकाठच्या शेतकऱ्यासाठी विम्याचा अर्थ एका वर्षात पालटला. २०२४ मध्ये विमा घेणं ज्याला शहाणपणाचं होतं, त्यालाच २०२५ मध्ये दोनदा विचार करावासा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

डिफॉल्टच्या बाजूनं जो सर्वात भक्कम युक्तिवाद आहे तो इथे अडखळतो. युक्तिवाद असा: नीट समजावून सांगितल्यावर बहुतेकांना जे हवं असतं तेच आपोआप लागू करा. सपाट मंडळात, जिथे सगळ्यांचं शेत मंडळासारखंच पिकतं आणि बुडतं, तिथे हा युक्तिवाद लागू पडतो. एकाच मंडळात चढाची हलकी जमीन आणि नाल्याकाठची भारी काळी जमीन असेल, तिथे समजावून सांगितल्यावरही उत्तरं वेगवेगळी येतील. एकच गृहीत होकार सगळ्यांना लावणं तिथे कुणाचा तरी अंदाज चुकवणारच.

चौथी पद्धत: उत्तर लिहून घ्या

कर्जाच्या नूतनीकरणाला शेतकरी मे-जूनमध्ये शाखेत किंवा सोसायटीत येतोच. त्याच वेळी त्याला विचारायचं: विमा हवा की नको, आणि यंदा कुठलं पीक? दोनपैकी एका चौकटीत खूण केल्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही. खूण कुठली करायची ते त्यानं ठरवायचं, पण उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेतल्या एका कंपनीनं नव्या कर्मचाऱ्यांना रुजू झाल्यापासून ३० दिवसांत बचत योजनेबद्दल हो किंवा नाही लिहून देणं बंधनकारक केलं होतं. कॅरल, चोई, लेबसन, माद्रियन आणि मेट्रिक यांनी २००९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःहून नाव नोंदवण्याच्या पद्धतीपेक्षा सहभाग २८ टक्के-बिंदूंनी वाढला, आणि तोही कुणाचं उत्तर गृहीत न धरता. त्याच अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याला उपयोगी आहे: लोकांच्या गरजा एकमेकांसारख्या असतील तर चांगला डिफॉल्ट बरा, गरजा वेगवेगळ्या असतील आणि लोक निव्वळ चालढकल करत असतील तर उत्तर मागणं बरं.

याची किंमतही आहे. गटसचिवाकडे एकाच आठवड्यात शेकडो नूतनीकरणं असतात. समजावून सांगायला प्रत्येकी दहा मिनिटं दिली तर काम पुरं होणार नाही, आणि मग तो स्वतःच सगळ्यांच्या ‘हो’वर खूण करून अंगठे घेईल. अशी खूण गृहीत होकारापेक्षा वाईट, कारण कागदावर ती शेतकऱ्याची निवड म्हणून नोंदली जाते. शिवाय मे-जूनमध्ये पाऊस कसा येतो हे कळलेलं नसतं, पीक ठरलेलं नसतं, दुबार पेरणीची वेळ येऊ शकते. तेव्हा पहिलं उत्तर बदलण्याची सोय हवीच.

मग निवडायचं काय

कर्जदारांसाठी मी चौथी पद्धत निवडेन आणि तिच्या मागे दुसरीचा आधार ठेवेन. नूतनीकरणाच्या वेळी हो/नाही आणि पीक लिहून घ्यायचं. ज्यांचं हो आहे किंवा ज्यांचं उत्तर आलंच नाही, त्यांचा हप्ता जूनमध्येच कापायचा आणि त्याच दिवशी मराठीत संदेश पाठवायचा: कुठल्या पिकाचा, किती क्षेत्राचा, किती रुपये, आणि नको असल्यास किंवा पीक बदललं असल्यास कुठल्या तारखेपर्यंत कळवायचं. नकार मुदतीच्या आधीच्या सातव्या दिवसापर्यंत खुला, आणि तो शाखेत न जाता फोनवरूनही देता यावा. म्हणजे हप्ता आधी कापायचा आणि नकाराची मुदत नंतर. सरकारी नियमातला क्रम फिरवायला फार मोठा कायदेबदल लागत नाही, तारीख पुढेमागे करावी लागते.

नकाराची मुदत आणखी लांब, ऑगस्टअखेरपर्यंत का नाही, असं कुणी विचारेल. ते चालणार नाही. पोळ्यापर्यंत पिकाचा रंग दिसतो. चांगलं पीक असलेले पैसे परत मागतील, वाईट पीक असलेले राहतील, आणि अशानं विमाच बुडतो. स्वायत्ततेला इथे खरी मर्यादा आहे आणि ती कारणासकट सांगितली तर शेतकऱ्याला पटते.

गृहीत होकार आहे हे उघड सांगितलं तर लोक बिथरतील, म्हणून गाजावाजा न केलेला बरा, असं काही अधिकारी मानतात. लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मरणपूर्व वैद्यकीय इच्छापत्राच्या फॉर्मवर हे तपासलं. ‘हा पर्याय आधीच निवडून ठेवला आहे आणि त्याचा तुमच्या निवडीवर परिणाम व्हावा म्हणून’ असं सांगूनही डिफॉल्टचा परिणाम फारसा कमी झाला नाही. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही, पण लपवण्याचं कारण तरी त्यातून उरत नाही. जो डिफॉल्ट सांगितल्यावर कोसळतो, तो आधीही कुणाच्या संमतीवर उभा नव्हता.

बिगर-कर्जदारांना गृहीत होकार लावू नये. त्यांच्याकडून पैसे कापण्याचं साधनच नाही, आणि खात्यातून परस्पर कापणी सुरू झाली तर गोष्ट वेगळ्याच दिशेला जाईल. त्यांच्यासाठी खेप कमी करणं एवढंच योग्य: ई-पीक पाहणी करतानाच विम्याचा प्रश्न समोर यावा.

अवयवदानाचं उदाहरण इथे हटकून येतं, म्हणून त्यावर थोडं. जॉन्सन आणि गोल्डस्टाइन यांनी २००३ मध्ये दाखवलेलं चित्र प्रसिद्ध आहे: गृहीत संमतीच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त लोक संमतीत मोजले जातात, स्वतःहून संमती द्यायची त्या जर्मनीत १२ टक्के. पण नोंदवहीतली संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे. स्पेनमध्ये १९७९ पासून कायद्यात गृहीत संमती आहे, तरी कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत, आणि तिथल्या वाढीचं श्रेय तिथले तज्ज्ञ १९८९ नंतर रुग्णालयांत उभ्या केलेल्या समन्वयकांना देतात. आपल्या १९९४ च्या कायद्यात होकार द्यावा लागतो. २०११ च्या दुरुस्तीनं अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवर नातेवाइकांना विचारण्याची जबाबदारी टाकली, ती चौथ्या पद्धतीच्या जवळची आहे. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी जोडलेल्या रुग्णालयांत विदर्भातल्या कुटुंबांशी जे बोलणं होतं, त्याची जागा फॉर्मवरची आधीच केलेली खूण घेऊ शकत नाही. शरीराच्या बाबतीत मी गृहीत होकाराच्या विरोधात आहे. पीक विम्यात हप्ता चुकून गेला तर तो परत करता येतो, म्हणून तिथे तो अटींसह चालवून घेतो.

एखाद्या सोसायटीत पद्धत नीट चालली आहे की नाही हे बाहेरून ओळखायचं असेल तर हंगामानंतर तीन गोष्टी मागाव्यात. नकाराचे अर्ज किती आले: कर्जदार तीनशे आणि नकार शून्य असेल तर सगळे समाधानी आहेत असं समजू नका, अर्ज कुठे मिळतो ते आधी विचारा. पीकबदलाच्या सूचना किती आल्या, आणि ई-पीक पाहणीशी न जुळलेले विमे किती निघाले: पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तर संदेश पोहोचलेले नाहीत. आणि ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं अशा वीस-पंचवीस जणांना चिठ्ठ्या टाकून निवडा, घरी जाऊन विचारा, “काका, तुमचा इमा कोणत्या पिकाचा हाय, अन् किती पैसे कटले?” निम्म्यांना सांगता आलं नाही, तर त्या सोसायटीत पुढच्या हंगामात गृहीत होकार बंद करून सगळ्यांकडून उत्तर लिहून घ्यावं, कितीही वेळ लागला तरी.